दहा बाय पंधराच्या हॉलला ५५ की ६५, आणि पॅनेल कुठलं?

प्रश्न: कोल्हापुरात कळंब्याजवळ फ्लॅट घेतलाय. हॉल १० बाय १५ फूट, एका टोकाला पश्चिमेची गॅलरी. मिस्टर म्हणतात ६५ इंची घेऊया. सासूबाई म्हणतात, एवढा मोठा टीव्ही जवळून बघून डोळे जातील, ४३ पुरे झाला. त्या दिवसभर दिवाणावर बसून केबलवरच्या मालिका बघतात, मुलाला फुटबॉल लागतो, आम्ही दोघं रात्री पिक्चर बघतो. दुकानात क्यूएलईडी, ओएलईडी, मिनी एलईडी ऐकून डोकं फिरलं. बजेट साठ-पासष्ट हजार. काय घ्यावं?

उत्तर:

ताई, ५५ इंची घ्या, तो लांब भिंतीवर लावा, आणि बाजूनं बघितल्यावर चित्र फिकं न पडणारं, म्हणजे आयपीएस जातीचं पॅनेल शोधा. ६५ इंची तुमच्या हॉलला मोठा होत नाही, त्याबद्दल मिस्टरांचं खरं आहे. तरी मी ५५ का म्हणतोय ते खाली येईलच. आधी भिंतीचं बघू, कारण मी घरोघरी टीव्ही बसवायला जातो तेव्हा निम्मा घोळ तिथंच झालेला असतो.

लोक दुकानात येऊन "हॉल दहा बाय पंधरा" एवढंच सांगतात. त्यावरून साइज ठरत नाही. मोजायचं ते डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर. तुमच्याच हॉलचं बघा. टीव्ही १५ फुटांच्या भिंतीवर लावला आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकवला, तर भिंत ते भिंत १० फूट, म्हणजे १२० इंच. सोफ्याची पाठ, उशी आणि बसलेल्या माणसाचं डोकं धरून डोळे भिंतीपासून साधारण दीड फूट पुढं येतात. ब्रॅकेट आणि टीव्हीची जाडी मिळून चार इंच जातात. उरले ९८ इंच, म्हणजे आठ फुटांच्या किंचित वर. तोच टीव्ही आखूड भिंतीवर लावला, तर हे अंतर तेरा फुटांच्या वर जातं. हॉल एकच, पण पाच फुटांचा फरक. पहिल्या मांडणीत ५५ इंची झकास दिसतो आणि दुसऱ्या मांडणीत तोच ३२ इंची घेतल्यासारखा वाटतो.

आखूड भिंत टाळण्याचं दुसरंही कारण आहे. गॅलरीच्या समोरच्या भिंतीवर टीव्ही लावलात तर दुपारी चारनंतर उन्हाचा झोत थेट पडद्यावर येणार आणि मालिकेतल्या सुनेऐवजी तुम्हाला गॅलरीतली दोरीवरची कपडे दिसणार. गॅलरीच्या बाजूला लावायला तर भिंतच नाही, आणि असती तरी मागून येणाऱ्या उजेडानं डोळे दिपले असते. लांब भिंतीवर उजेड कडेनं येतो. एक जाड पडदा लावला की काम भागतं.

आता ९८ इंचांवरून किती मोठा टीव्ही? आमच्या धंद्यात वापरला जाणारा हिशेब असा, की पडद्यानं डोळ्यांसमोरचा साधारण ३० अंशांचा कोन भरला तर घरगुती बघण्याला ते आरामाचं. त्याचं सोपं रूप म्हणजे टीव्हीच्या इंचांना १.६ नं गुणा, तेवढे इंच लांब बसा. थिएटरसारखं भरलेलं चित्र हवं असेल तर ४० अंश, म्हणजे १.२ नं गुणायचं. हे गुणाकार १६:९ आकाराच्या पडद्याचे आहेत, आणि आता सगळे टीव्ही तसेच येतात. तुमचे ९८ इंच १.६ नं भागले तर ६१ येतात. म्हणजे ५५ आणि ६५ दोन्ही त्या आकड्याच्या अल्याड-पल्याड बसतात. ५५ इंची तुमच्या सोफ्यावरून साडेसत्तावीस अंश भरतो, ६५ इंची बत्तीस अंश. ४३ मात्र साडेएकवीसच अंश भरतो. मालिका बघायला तेवढा चालतो, पण फुटबॉलमध्ये बॉल शोधत बसावं लागतं आणि सबटायटल वाचताना सासूबाईच पुढं सरकून बसतील.

विश्वास बसत नसेल तर टीव्ही घ्यायच्या आधी भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवा. ५५ इंचीचा पडदा ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असतो, ६५ इंचीचा ५७ बाय ३२. दोन्ही चौकोन करून दोन-तीन दिवस तसेच ठेवा. घरातले सगळे येता-जाता बघतात आणि वाद आपोआप मिटतो. ऑनलाइन ऑर्डर देऊन खोकं दारात आल्यावर "एवढा मोठा?" म्हणण्यापेक्षा हे बरं. फर्निचरचाही अंदाज येतो. बऱ्याच ५५ इंची टीव्हींचे पाय मधे नसून दोन टोकांना असतात, त्यामुळं चार फुटी टीव्ही युनिटवर ते अगदी कडेला येतात.

मग दोन्ही बसत असताना ६५ का नको? तुमच्या सासूबाईंच्या केबलमुळं. आपल्याकडं केबलच्या पॅकमधल्या कितीतरी वाहिन्या अजून साध्या एसडी असतात. एसडीमध्ये चित्राच्या ५७६ ओळी असतात आणि फोर-के टीव्हीच्या पडद्यावर २१६० ओळी. म्हणजे टीव्हीला प्रत्येक ओळ जवळपास पावणेचार पट ताणून भरावी लागते. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा दिसतो. त्या हिशेबानं ५५ इंचीवर एसडीचा ढोबळपणा तेरा फुटांपर्यंत जाणवतो. तुम्ही आठ फुटांवर बसणार, त्यामुळं तो दिसणारच, आणि ६५ वर आणखी दिसेल. चेहरे मेणाचे, अक्षरांच्या कडा पिसारलेल्या. घरात दिवसाचे आठ तास तेच चालणार असेल तर मोठा पडदा हा खर्च वाढवून चित्र बिघडवण्याचा प्रकार झाला. उलट फुल एचडी चित्र ५५ इंचीवर सात-साडेसात फुटांपलीकडून पूर्ण सफाईदार दिसतं, म्हणजे तुमच्या सोफ्यावरून त्यात काही खोट काढता येणार नाही. फोर-केचा खरा बारकावा मात्र तुम्हाला तिथून दिसणारच नाही, त्यासाठी चार फुटांच्या आत बसावं लागेल. तेव्हा दुकानदारानं "फोर-के आहे मॅडम, बघा काय क्लॅरिटी" म्हणून दाखवलेल्या डोंगर-फुलांच्या डेमोवर जाऊ नका. त्याला म्हणावं, एखादी साधी केबल वाहिनी लावून दाखव. दोन टीव्हींमधला फरक तिथं कळतो, कारण ताणलेलं चित्र नीट करायचं काम प्रत्येक टीव्ही वेगळ्या कुवतीनं करतो.

यातलं निम्मं दुखणं थोड्या खर्चात बरं होतं. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या आहेत. केबलवाल्याकडून एचडी बॉक्स आणि तो पॅक घ्या. बॉक्स आल्यावर तो टीव्हीला कशानं जोडलाय ते स्वतः वाकून बघा. एचडी बॉक्स, एचडी पॅक, महिन्याला जादा पैसे, आणि जोडणी मात्र लाल-पिवळ्या-पांढऱ्या जुन्या वायरीनं, असं मी इतक्या घरांत बघितलंय की आता नवल वाटत नाही. त्या वायरीतून एचडी जातच नाही. एचडीएमआय केबल लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८० करा. हे सगळं केलंत, आणि सासूबाई एचडीवर आल्या, तर ६५ चा विचार नक्की करता येईल. पण तो पैसा मी पॅनेलवर घालीन.

डोळे जाण्याचं म्हणाल तर सासूबाईंना सांगा, जवळून टीव्ही बघितल्यानं नजर कायमची बिघडते असं नाही. डोळे थकतात ते वेगळ्या कारणांनी. एकटक बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. शिवाय अंधाऱ्या खोलीत भगभगीत पडदा असला तर त्रास होतो. तो ब्राइटनेस कमी करून जातो, साइज कमी करून नाही. छोटं पोर मात्र सारखं पुढं सरकून बसत असेल तर टीव्ही सोडा, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं न्या, कदाचित त्याला लांबचं नीट दिसत नसेल.

आता पॅनेल. दुकानातल्या नावांनी घाबरू नका. एलईडी, क्यूएलईडी आणि मिनी एलईडी हे तिन्ही मुळात एलसीडीच. पुढं एलसीडीचा पडदा, मागं एलईडी दिवे. क्यूएलईडीत मधे क्वांटम डॉटचा एक थर जास्त असतो, त्यानं रंग गडद आणि चोख येतात. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, त्यांचे गट वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. ओएलईडी तेवढा निराळा. त्यात मागं दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो.

पण तुमच्या घराचा निकाल या नावांवर लागत नाही. तो लागतो पुढच्या एलसीडीच्या जातीवर, आणि ती जात खोक्यावर छापलेली नसते. दोन मुख्य जाती आहेत, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग खरोखर काळा दिसतो. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, तीन ते पाच हजारास एक असा असतो, तर आयपीएसचा हजाराच्या आसपास. म्हणून रात्री दिवे घालवून पिक्चर बघणाऱ्याला व्हीए आवडतो, आयपीएसवर अंधाराचे सीन राखाडी दिसतात. पण व्हीए समोरूनच बघावा. कडेला सरकलात की चेहरे पांढुरके होतात, लाल साडी गुलाबी दिसायला लागते. आयपीएसवर कडेनंही रंग बऱ्यापैकी टिकतो.

आता सासूबाई कुठं बसतात ते बघा. दिवाण गॅलरीसमोरच्या आखूड भिंतीला असेल असं धरतो. टीव्ही लांब भिंतीच्या बरोबर मधे लावला तर त्या टीव्हीच्या मध्यापासून सहा फूट बाजूला आणि टीव्हीच्या भिंतीपासून पाच फूट पुढं बसतात. म्हणजे पडद्याकडं त्या ५० अंशांच्या तिरकसपणानं बघणार. हा कोन व्हीएसाठी फार झाला. घरात सगळ्यात जास्त वेळ टीव्ही बघणाऱ्या माणसालाच सगळ्यात वाईट चित्र मिळणार. आयपीएस सुचवण्याचं कारण एवढंच.

कोन कमीही करता येतो. टीव्ही मधोमध न लावता दीड फूट दिवाणाकडं सरकवा, सोफाही तेवढाच सरकवा, आणि सासूबाईंची उशी दिवाणाच्या सोफ्याकडच्या टोकाला ठेवा. मग त्या साडेचार फूट बाजूला आणि साडेसहा फूट पुढं येतात, आणि ५० चे ३५ अंश होतात. गॅलरीपासूनही टीव्ही तेवढा लांब जातो. भिंतीच्या मधोमध नसला म्हणून शोभा जात नाही, बाजूला एक कुंडी ठेवा.

खोक्यावर "१७८ अंश व्ह्यूइंग अँगल" लिहिलेलं असेल, त्यावर जाऊ नका. ते व्हीएवरही असतं आणि आयपीएसवरही. तो आकडा कॉन्ट्रास्ट दहास एकपर्यंत खाली येईतो मोजलेला असतो, म्हणजे चित्र पार धुऊन निघालं तरी कागदोपत्री ते दिसतंयच. मॉडेलच्या नावावरही जाऊ नका. एकाच सिरीजमध्ये ५० इंची एका जातीचा आणि ५५ इंची दुसऱ्या जातीचा असं सर्रास होतं. सेल्समनलाही हे बऱ्याचदा माहीत नसतं, त्याचा दोष नाही.

मग ओळखायचं कसं? राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत ज्या दुकानात जाल तिथं टीव्हीसमोर उभं राहून माणसाचा चेहरा असलेलं चित्र थांबवायला सांगा. मग तुमच्या दिवाणाच्या कोनात, म्हणजे चांगलं कडेला जाऊन, तोच चेहरा बघा. कातडीचा रंग उडाला, केसांचा काळा राखाडी झाला, तर तो व्हीए समजा. आणखी खात्री हवी असेल तर पडद्यावर पांढरं काहीतरी लावायला सांगा आणि मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन मॅक्रोमध्ये फोटो काढा. लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या मधे वाकलेल्या, बाणाच्या टोकासारख्या दिसल्या तर बहुतेक आयपीएस. सरळ उभ्या आणि तुकड्यांत विभागलेल्या दिसल्या तर बहुतेक व्हीए. दुकानदार विचित्र नजरेनं बघेल, बघू दे.

तुमच्या रात्रीच्या पिक्चरचं काय, तर आयपीएस घेतल्यावर हॉल पूर्ण अंधार करू नका. टीव्हीच्या मागं भिंतीवर उजेड पडेल असा एक छोटा मंद दिवा लावा. त्यानं राखाडी काळा डोळ्याला काळाच वाटतो आणि डोळेही कमी थकतात. ही तडजोड आहे, पण सासूबाईंच्या आठ तासांपुढं तुमचे दोन तास. घरात सगळे समोरच्या सोफ्यावरच बसणारे असते तर मी उलट सांगितलं असतं, डोळे झाकून व्हीए घ्या.

ओएलईडी कडेनंही सुंदर दिसतो आणि काळाही त्याच्याइतका कुणाचा नाही, पण ५५ इंची चांगला ओएलईडी तुमच्या बजेटमध्ये बसत नाही. बसला असता तरी या घरात मी दोनदा विचार केला असता. दिवसभर एकच वाहिनी चालली की तिचा लोगो आणि बातम्यांची खालची पट्टी तासन् तास एकाच जागी जळत राहते, आणि ओएलईडीवर वर्षा-दोन वर्षांनी त्याची पुसट सावली उमटून राहू शकते. भर उजेडात संपूर्ण पडदा उजळवायची त्याची ताकदही चांगल्या एलईडीपेक्षा कमी पडते. मिनी एलईडी उजेडाच्या हॉलला उत्तम, पण त्यातले बहुतेक व्हीएवर असतात, तेव्हा कडेनं बघूनच घ्या. तुमच्या बजेटमध्ये ५५ इंची आयपीएस मिळतो, साधा एलईडी किंवा क्यूएलईडी. क्यूएलईडी असेल तर उत्तम, नसेल तर अडून बसू नका. भावाची तुलना करताना जुनं कोटेशन धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय.

मुलाच्या फुटबॉलसाठी १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं पॅनेल मिळालं तर बरं, पण त्यासाठी बाकी काही सोडू नका. शाहू स्टेडियमवरचे पाटाकडील-दिलबहारसारखे सामने तो मोबाईलवरून टीव्हीवर टाकून बघणार असेल, तर चित्राची प्रत त्या प्रक्षेपणावर ठरते, पॅनेलवर नाही.

राहिली उंची. नवीन फ्लॅटमध्ये बिल्डरनं टीव्हीचा पॉइंट बहुतेक पाच फुटांवर काढलेला असतो, आणि बसवणारा माणूस त्या पॉइंटच्या वर टीव्ही लटकवून मोकळा होतो. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर असतात. पडद्याचा मध्य ४२ ते ४६ इंचांवर येऊ द्या, म्हणजे ५५ इंचीची खालची कड साधारण ३० इंचांवर येईल. सासूबाईंना वरून लांबचा आणि खालून वाचायचा असा चष्मा असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. टीव्ही उंच असला की त्या मान मागं टाकतात, मग बघणं खालच्या वाचायच्या काचेतून होतं आणि "टीव्हीच पुसट आहे" अशी तक्रार सुरू होते. इलेक्ट्रिशियनकडून पॉइंट ४२ इंचांच्या आसपास खाली घेऊन टीव्हीच्या मागं लपवा. रंगकाम व्हायच्या आधी हे करा, नंतर भिंत फोडावी लागते.

टीव्ही घरी आला की कंपनीचा माणूस येईपर्यंत खोकं फोडू नका. पॅनेल फुटलेलं निघालं तर कुणी फोडलं याचा वाद तुमच्या गळ्यात पडतो. तो आल्यावर त्याच्यासमोरच सेटिंगमध्ये स्टोअर किंवा डेमो मोड नसून होम मोड आहे ना ते बघा, पिक्चर मोड व्हिविडवरून सिनेमा किंवा स्टँडर्डवर आणा, आणि मोशन स्मूदिंग बंद करा, नाहीतर पिक्चरसुद्धा मालिकेसारखे दिसतात. मग पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं चित्र लावून एकेक मिनिट बघा. काळ्यावर कोपऱ्यात थोडा उजेड फुटलेला आयपीएसमध्ये दिसतोच, तो चालतो. पांढऱ्यावर डाग, आडवी-उभी रेघ किंवा मेलेला ठिपका दिसला तर त्याच्या कागदावर सही करायच्या आधी तिथंच लिहून घ्या आणि फोटो काढा.